मदत हवी आहे: अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन 20 तारखेला, रोज कच्चा लसूण चालू आहे, कधी बंद करायचा?

तासगावकर_82
अण्णांचं वय 68. उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत 20 तारखेला ठरलंय, भूल पाठीत देणार असं सांगितलंय. 2022 मध्ये हृदयात एक स्टेंट बसवला, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन 75 ची गोळी चालू आहे. दुसरी रक्त पातळ करणारी गोळी वर्षभरानं डॉक्टरांनीच बंद केली.

प्रश्न लसणाचा. गेले आठ महिने ते बीपीसाठी सकाळी अनशापोटी कच्चा लसूण खातात. आई 10-12 गावरान पाकळ्या ठेचते, दहा मिनिटं तशाच ठेवते आणि मग ते कोमट पाण्याबरोबर घेतात. फिटनेसच्या वेळी गोळ्या विचारल्या, लसूण कुणी विचारला नाही, आम्हीही सांगितला नाही. आज 9 तारीख. हे धोक्याचं आहे का? बंद करायचा तर कधीपासून?

औंधचा_मास्तर
लसूण म्हणजे रोजच्या फोडणीतली वस्तू, त्यानं ऑपरेशन अडत नाही. तरी मन शांत करायचं तर रिपोर्ट बघा. बीटी-सीटी आणि आयएनआर नॉर्मल असेल तर रक्त गोठतंय, विषय संपला.

तासगावकर_82
मास्तर, रिपोर्ट आहेत. आयएनआर 1.0, बीटी-सीटी नॉर्मल, प्लेटलेट 2 लाख 40 हजार.

भूलघर_मिरज
तासगावकर, लसूण आज रात्रीपासूनच बंद करा, उद्या सकाळचा घेऊ देऊ नका. 20 तारखेपर्यंत अकरा दिवस मिळतात, ते पुरेसे आहेत.

मास्तरांचं म्हणणं जेवणातल्या लसणाला लागू होतं, इथं मात्र ते अर्धंच खरं आहे. रक्त थांबायची दोन कामं असतात. जखमेच्या तोंडाशी प्लेटलेट एकमेकींना चिकटून बूच तयार करतात, आणि मग गोठवणारी द्रव्यं त्यावर जाळी विणतात. आयएनआर मोजतो ती जाळी. कच्च्या लसणाचा संशय आहे तो बुचावर. म्हणून आयएनआर 1.0 आला तरी लसणाबद्दल तो काहीच सांगत नाही. प्लेटलेट 2 लाख 40 हजार ही त्यांची संख्या झाली, त्या चिकटतात की नाही हे संख्येत दिसत नाही. बीटी म्हणजे बोटाला टोचून वेळ बघणं. ती तपासणी ढोबळ आहे, ऑपरेशनमध्ये किती रक्त जाईल हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

आता मात्रा. गावरान पाकळी लहान असते, साधारण एक-सव्वा ग्रॅमची. दहा-बारा पाकळ्या म्हणजे 10 ते 15 ग्रॅम रोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधींच्या पुस्तकात ताज्या लसणाची दिवसाची मात्रा 2 ते 5 ग्रॅम दिली आहे. अण्णांची मात्रा त्याच्या वरच्या टोकाच्याही दुप्पट-तिप्पट होते. मोठ्या पांढऱ्या लसणाची एक पाकळी चार-पाच ग्रॅमही भरते, तेव्हा पाकळ्या मोजण्यापेक्षा किराणाच्या काट्यावर एकदा वजन करून तो आकडा भूलतज्ज्ञांना सांगा.

आणि ठेचून दहा मिनिटं ठेवणं हेच यातलं महत्त्वाचं. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतं. ठेचल्यावर आतलं एन्झाइम मोकळं होतं आणि काही मिनिटांत ते तयार होतं. म्हणजे आई न कळत जास्तीत जास्त अ‍ॅलिसिन तयार करून देताहेत. त्यापासून पुढे जी द्रव्यं बनतात ती प्लेटलेटना चिकटू देत नाहीत, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

स्नेहल_विटा
मग जेवणातला लसूणही बंद करायचा का? आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याशिवाय कालवण होत नाही.

भूलघर_मिरज
नाही ताई, कालवण चालू द्या. मसाल्यातला लसूण भाजून-परतून गेलेला असतो, उष्णतेनं ते एन्झाइम मरतं. फोडणीतल्या दोन-चार पाकळ्यांचाही प्रश्न नाही. प्रश्न कच्च्याचा आहे: ठेचून घेतलेला, मधात मुरवलेला, कच्ची लसणाची चटणी वाटीभर खाणं, आणि मेडिकलमधल्या लसणाच्या कॅप्सूल. खर्ड्यात मिरच्यांबरोबर लसूणही तव्यावर चांगला भाजला असेल तर चिंता नको, वरून कच्चा टाकून कुटला असेल तर तेवढे दिवस तो टाळा.

सह्याद्री_वाट
अ‍ॅस्पिरिनही सात दिवस आधी बंद करा, लसणापेक्षा तीच जास्त रक्त पातळ करते. आमच्या गावात सगळे तसंच करतात.

भूलघर_मिरज
तासगावकर, हे कृपया करू नका. अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव वाढवते हे सह्याद्रींचं बरोबर आहे. पण अण्णांच्या हृदयात स्टेंट आहे. गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ऑपरेशनच्या दिवसांत शरीर तसंही गुठळीकडे झुकलेलं असतं. हर्नियाच्या जागी साकळलेलं रक्त बहुतेक वेळा निस्तरता येतं, बंद पडलेला स्टेंट जीव घेतो. म्हणून स्टेंट असलेल्याची 75 ची गोळी बहुधा चालूच ठेवतात, आणि नुसत्या त्या गोळीमुळे पाठीतली भूल अडत नाही. थांबवायचीच असेल तर तो निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून घेतील. गोळी घरी ठरवून बंद करायची नाही. लसूण मात्र घरी बंद करता येतो, त्यात गमवायचं काही नाही.

उलट गोळी चालू राहणार म्हणूनच लसूण थांबवायचा. दोन्ही एकाच बुचावर वेगवेगळ्या बाजूंनी घाव घालतात.

औषधवाला_कराड
भूलघर, एक शंका. तुम्ही लसूण फार धोक्याचा करून ठेवताय असं वाटतं. 2007 साली निरोगी माणसांना आठवडाभर रोज चार ग्रॅमच्या आसपास कच्चा लसूण देऊन प्लेटलेट तपासल्या होत्या, फरक सापडला नव्हता. आणि किती दिवस आधी बंद करायचा यावरही एकमत नाही. 2001 च्या आढाव्यात किमान सात दिवस म्हटलं होतं, भूलतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचा सल्ला दोन आठवड्यांचा.

भूलघर_मिरज
तुमचं म्हणणं मान्य आहे. पुरावा कच्चा आहे, आणि बराचसा एकेका रुग्णाच्या नोंदींचा. 1990 साली 87 वर्षांच्या एका माणसाची नोंद छापून आली होती. तो रोज सरासरी चार पाकळ्या खात होता, इजा न होताच मणक्याच्या नळीत रक्त साकळलं आणि प्लेटलेट नीट काम करत नसल्याचं दिसलं. एका नोंदीवरून नियम होत नाही. पण 2007 च्या प्रयोगातली माणसं निरोगी होती, अ‍ॅस्पिरिनवर नव्हती, आणि मात्रा अण्णांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती.

सात दिवसांमागचं गणित असं. एकदा निकामी झालेली प्लेटलेट सुधारत नाही, ती मरेपर्यंत तशीच राहते. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, म्हणजे रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. सात दिवसांत दोन तृतीयांशाच्या आसपास नव्या होतात, दहा दिवसांत जवळपास सगळ्या. म्हणून अकरा दिवस मला पुरेसे वाटतात.

औषधवाला_कराड
मी चौदा दिवसच सांगतो, पण तारीख ठरली असेल तर लसणासाठी ऑपरेशन पुढे ढकला म्हणणार नाही. तासगावकर, एक विचारायचं राहिलं. लसूण सुरू केल्यावर अण्णांनी बीपीची गोळी कमी केली का?

तासगावकर_82
आत्ता आईला विचारलं. अर्धी करून खात होते, आणि दोन महिन्यांपासून बंदच केलीय. आम्हाला माहीतच नव्हतं. फिटनेसला बीपी 146/88 होतं.

औषधवाला_कराड
मग उद्याच फॅमिली डॉक्टरांकडे न्या. लसणानं बीपी थोडं उतरतं, सगळ्यांचं नाही. आता लसूण थांबणार आणि गोळीही नाही, तर 20 तारखेला टेबलावर बीपी 180 च्या वर निघून ऑपरेशन त्याच दिवशी रद्द होऊ शकतं. वाढलेल्या बीपीत जखम जास्त वाहते ते वेगळंच. गोळी कोणती आणि किती हे तेच ठरवतील. घरी यंत्र असेल तर सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहा आणि वही ऑपरेशनला बरोबर न्या. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी मधूनच घेतात का, तेही विचारा. तीही प्लेटलेटवर काम करते आणि ती कुणी औषध म्हणून मोजत नाही.

कृष्णाकाठ
लसूण बंद केला तर त्याऐवजी आलं-हळदीचा काढा द्या, तो सौम्य असतो.

औषधवाला_कराड
भाजीतलं आलं-हळद ठीक. रोज पेलाभर काढा किंवा हळदीच्या कॅप्सूल मात्र ऑपरेशन होईपर्यंत नकोत, त्यांच्यावरही हाच संशय आहे.

पलूसची_मीना
माझ्या सासूबाईंना हृदयाची धातूची झडप बसवली आहे, असिट्रोम चालू आहे. त्याही पाच पाकळ्या कच्च्या खातात. ऑपरेशन काही नाही. धाग्यावरून कळलं की लसूण बुचावर आणि असिट्रोम जाळीवर. मग आयएनआर बरोबर असेल तर दोन्ही चालेल ना?

भूलघर_मिरज
मीनाताई, उलट. जाळी गोळीनं मुद्दाम सैल केलेली आहे, तर बूच तरी शाबूत असायला हवं. असिट्रोमसारख्याच वॉरफरीन या गोळीबरोबर लसणाचे प्रयोग झाले, त्यात आयएनआर वाढल्याचं दिसलं नाही. पण म्हणूनच आयएनआर मर्यादेत असूनही हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर निळे डाग, नाकातून वाहणं, काळी शी असं झालं तर आकड्यावर विसंबू नका, त्याच दिवशी दाखवा. कच्चा लसूण थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. असिट्रोम एक दिवसही स्वतःहून चुकवू नका, झडपेवर गुठळी होते.

तासगावकर_82
अण्णांसाठी अजून एक. ऑपरेशननंतर घरी काय बघायचं?

भूलघर_मिरज
दोन जागा. जांघ आणि अंडकोशाची पिशवी थोडी सुजणं, निळसर होणं नेहमीचं आहे. सूज तासातासाला वाढतेय, कडक होतेय किंवा पट्टी भिजतेय तर लगेच फोन करा.

दुसरी पाठ. भूल उतरताना पाय काही तासांत हलू लागतात. ते हललेच नाहीत, किंवा हलले आणि परत जड पडले, पाठीत जोराची कळ आली, लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. मणक्याच्या नळीत रक्त साकळल्याची ती खूण असू शकते. हे अगदी क्वचित होतं, पण एमआरआय करून दाब काढायला हातात थोडेच तास असतात. हर्नियानंतर लघवी नुसती अडणं या वयात वरचेवर होतं, पायातली ताकद गेली असेल तर मात्र तो वेगळा प्रकार.

तासगावकर_82
कागदावर लिहिलंय: कच्चा लसूण रोज अंदाजे 14 ग्रॅम (काट्यावर केलं), आठ महिने, 9 तारखेला बंद. अ‍ॅस्पिरिन 75 चालू, 2022 चा स्टेंट. बीपीची गोळी दोन महिने बंद होती. उद्या फॅमिली डॉक्टर, परवा मिरजेला भूलतज्ज्ञांना देतो. ऑपरेशननंतर लसूण परत कधी, हे अण्णा आत्ताच विचारताहेत.

औषधवाला_कराड
टाके सुकून सर्जननी मोकळं केल्यावर जेवणातला हवा तेवढा. कच्चा मी तरी अ‍ॅस्पिरिन चालू असेपर्यंत एक-दोन पाकळ्यांच्या वर नेणार नाही.

भूलघर_मिरज
मी तोही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको म्हणेन. इथं आमचं जुळत नाही, तुम्ही त्यांनाच विचारा.