नेमसर्व्हर बदलले आणि साइट उघडेना : तुमचे अनुभव लिहा

इतवारीची ताई

माझ्या मोठ्या भावाचं इतवारीत मसाल्याचं ठोक दुकान आहे. त्याच्या साइटचं सगळं मी बघते. मागच्या महिन्यात होस्टिंग बदललं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला साइटचा पत्ता सांगणारे नवे नेमसर्व्हर टाकले आणि लगेच जुनं खातं बंद करायला सांगितलं. चूक तिथेच झाली.

शनिवारी सकाळी घरी मोबाईल डेटावर नवी साइट छान उघडत होती. दुकानातून दादाचा फोन आला, "अगं, इथे तर Account Suspended येतंय, काहून?" गिऱ्हाइकांचेही तसेच फोन येत होते. मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले आणि dig या आज्ञेने साइटचा पत्ता थेट तिथल्या राउटरला विचारला. खरं डोमेन इथे देत नाही.

```
dig @192.168.1.1 example.com A +noall +answer
example.com.  9312  IN  A  203.0.113.10
```

पत्ता जुन्याच सर्व्हरचा होता. मधला 9312 हा आकडा सेकंदांचा, म्हणजे हे उत्तर अजून किती वेळ साठवून ठेवलं जाईल ते. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं तर 8712. आकडा उतरतोय म्हणजे हे साठवलेलं उत्तर आहे, हे कळलं आणि जिवात जीव आला. तेव्हा सकाळचे 9:20 झाले होते, म्हणजे बाराच्या जरा आधी संपायला हवं. दादाला तसं सांगून टाकलं.

बाराला बघते तर आकडा पुन्हा 14 हजारांच्या वर आणि पत्ता तोच जुना! मला रडूच यायचं बाकी होतं. मग एनएस, म्हणजे डोमेनचे नेमसर्व्हर, विचारले.

```
dig @192.168.1.1 example.com NS +noall +answer
example.com.  16200  IN  NS  ns1.old-host.example.
```

तेव्हा उलगडा झाला. साठवणीत दोन गोष्टी होत्या. एक साइटचा पत्ता, चार तासांचा, आणि दुसरी हा पत्ता कोणाला विचारायचा ते, पूर्ण दिवसाची. चार तास संपले की इंटरनेटवाल्याचा सर्व्हर पुन्हा जुन्याच नेमसर्व्हरकडे जायचा, आणि तो बिचारा इमानदारीने जुनाच पत्ता द्यायचा. 16200 सेकंद म्हणजे साडेचार तास. एनएस साडेचारला संपणार होते. तरी साइट आली रात्री आठच्या सुमारास, कारण 3:55 ला शेवटचा जुना पत्ता उचलला गेला होता आणि त्याचे चार तास भरायचे होते.

जुन्या झोनमध्येच, म्हणजे जुन्या नेमसर्व्हरवरच्या नोंदींतच, साइटच्या पत्त्याचा ए रेकॉर्ड नव्या सर्व्हरकडे वळवला असता, तर जुन्या नेमसर्व्हरनेही नवा पत्ता दिला असता आणि कोणाला काही कळलंही नसतं. पण खातं बंद केल्यामुळे पॅनेलच उघडेना. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा, विशेषतः कसं तपासलं ते.

सदरचा दुकानदार

ताई, एवढं करायची गरज नसते. नेमसर्व्हर बदलले की 48 तास जगभरच्या सर्व्हरवर पोहोचायला लागतातच. मी राउटर बंद-चालू करतो, विंडोजवर `ipconfig /flushdns` देतो, होऊन जातं.

आयटी पार्कवाला

भाऊ, 48 तासांचा आकडा खोटा नाही. डॉट कॉमच्या सर्व्हरवर एनएसची मुदत 172800 सेकंद असते, म्हणजे बरोबर दोन दिवस. पण तिथून कुठे काही पाठवलं जात नाही. प्रत्येक सर्व्हर आपापलं जुनं उत्तर स्वतःच्या मुदतीपर्यंत धरून बसतो. ज्याने तुमचं नाव आधी कधी विचारलंच नव्हतं, त्याला पहिल्याच मिनिटाला नवं मिळतं. म्हणून ताईंच्या मोबाईलवर दिसलं आणि दुकानात नाही.

तुमच्या flushdns ने फक्त तुमचा संगणक साफ होतो, राउटर बंद-चालू केल्याने फार तर राउटर. इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरला हातही लागत नाही. गूगलच्या 8.8.8.8 ची आणि क्लाउडफ्लेअरच्या 1.1.1.1 ची साठवण मात्र त्यांच्या वेबपानावर नाव टाकून कोणालाही पुसता येते.

मी आधी वरच्याला, म्हणजे डॉट कॉमच्या सर्व्हरला विचारतो:

```
dig @a.gtld-servers.net example.com NS +norecurse
```

इथे अजून जुने नेमसर्व्हर दिसले तर बदल डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारकडेच अडकलाय, थांबून उपयोग नाही. नवे दिसले तर नव्या नेमसर्व्हरला @ लावून ए रेकॉर्ड विचारायचा. तिथे बरोबर उत्तर आलं तरच उरलेलं काम घड्याळाचं.

आणि एक प्रकार थांबून सुटत नाही, तो मी भोगलाय. एका गिऱ्हाइकाचं डोमेन गूगलच्या डीएनएसवरून पत्त्याऐवजी SERVFAIL ही चूक द्यायचं आणि त्याच्या घरच्या ब्रॉडबँडवर बिनबोभाट चालायचं. तीन दिवस आम्ही साठवणीलाच दोष देत बसलो. जुन्या कंपनीकडे डीएनएससेक, म्हणजे उत्तरांवर सही करायची सोय, चालू होतं आणि रजिस्ट्रारकडे त्या सहीची ओळख पटवणारा डीएस रेकॉर्ड तसाच राहिला होता. सही तपासणारे सर्व्हर नव्या नेमसर्व्हरचं उत्तर नाकारत होते, न तपासणारे देत होते. आज्ञेला `+cd` जोडलं की सही न तपासता उत्तर येतं. त्याने आलं आणि त्याशिवाय SERVFAIL, तर डीएस बघा. रजिस्ट्रारकडून काढल्यावरही एक दिवस गेला, कारण डॉट कॉममध्ये डीएसची मुदत 86400 आहे. डीएस आधी काढून, एक दिवस जाऊ देऊन मगच नेमसर्व्हर बदलावेत.

धरमपेठ_सीए

आमची साइट एक मिनिटही बंद पडली नाही, पण मेल गेले. नव्या झोनमध्ये फक्त साइटचा पत्ता टाकला होता, मेल कुठे पोचवायचे ते सांगणारा एमएक्स कोणाच्या लक्षातच आला नाही. रिटर्न भरायच्या आठवड्यात काही पक्षकारांना त्यांनी आम्हाला पाठवलेले मेल परत आल्याची सूचना आली, काहींचे येतच राहिले. त्यामुळे दोन दिवस आम्हाला कळलंच नाही. आता मी जुन्या पॅनेलमधला सगळा झोन आधी कागदावर छापून घेते, टीएक्सटी रेकॉर्डांसकट, आणि एकेक ओळ खूण करत नव्यात भरते.

सदरचा दुकानदार

बरोबर आहे दादा, माझं ते नशिबाने जुळून यायचं म्हणायचं. विंडोजवर तो उतरता आकडा कुठे दिसतो?

आयटी पार्कवाला

पॉवरशेलमध्ये. टीटीएलचा, म्हणजे उरलेल्या मुदतीचा, रकाना बघा.

```
Resolve-DnsName example.com -Type A -Server 8.8.8.8
```

गूगलकडे आकडा वर-खाली उडताना दिसेल, त्यांच्या साठवणी अनेक आहेत. त्याने गोंधळू नका.

इतवारीची ताई

दादा, एक विचारते. मुदत आधीच कमी करून ठेवली असती तर?

आयटी पार्कवाला

ए रेकॉर्डची 300 करून आधीचे चार तास जाऊ द्यायचे, मग बदल करायचा. त्याचा नक्की फायदा होतो. एनएसचं मात्र डॉट कॉमकडचं तुमच्या हातात नाही. शिवाय काही सर्व्हर जुन्या नेमसर्व्हरच्या उत्तरातले एनएस पाहून मुदत नव्याने मोजतात, काही मोजत नाहीत. म्हणून जुना झोन निदान दोन दिवस, मी तर आठवडाभर, जिवंत ठेवतो.

मनीषनगर_नवा

माझ्याकडे आज पाचवा दिवस आहे. वायफायवर नवी साइट, मोबाईल डेटावर जुनीच. दोन्हीकडे ए रेकॉर्ड नवा येतो. फोन बदलूनही पाहिला.

आयटी पार्कवाला

पाच दिवस म्हणजे साठवण नसावी. नव्या नेमसर्व्हरला AAAA, म्हणजे आयपीव्ही6 चा पत्ता, विचारा. मोबाईल डेटा बहुतेकदा आयपीव्ही6 वर चालतो, आणि झोन उतरवताना जुना AAAA तसाच आला असेल तर फोन तिकडेच जाईल. www चाही वेगळा विचारा.

मनीषनगर_नवा

AAAA मध्ये काहीतरी येतंय, लांबलचक. जुन्या कंपनीचंच आहे का ते कळत नाही. संध्याकाळी घरी गेलो की जुन्या पॅनेलशी जुळवून सांगतो.