फोटोवरून दाराच्या कुलपाची ओळख: जुळती किल्ली घ्यावी की सिलिंडर बदलावे?

प्रेषक: वैदेही

सस्नेह नमस्कार मंडळी,

आमच्या मुख्य दाराची एक किल्ली डोक्याजवळ वाकली आहे. दुसरी अजून चालते, पण तिच्या एकटीवर विसंबून राहणे बरे वाटत नाही. दुकानदार कुलपाचे नाव आणि माप विचारतो आणि मला दोन्ही सांगता येत नाही. सोबत तीन फोटो जोडले आहेत: पहिला दाराचा बाहेरून काढलेला, दुसरा दार उघडून त्याच्या कडेचा आणि तिसरा तळहातावर ठेवलेल्या चालत्या किल्लीचा. हँडलच्या पट्टीवर एक नाव कोरलेले आहे, किल्लीच्या डोक्यावर दुसरेच नाव आहे आणि त्याखाली काही अक्षरे व आकडे आहेत. यांतले कुलपाचे नाव कोणते मानावे? घर आमच्या मालकीचे आहे, त्यामुळे कुलूप बदलायला कोणाची परवानगी लागणार नाही.

वैदेही

प्रेषक: सुहास

वैदेहीताई, नमस्कार.

किल्लीवर जे नाव असते तेच कुलपाचे नाव असते. हँडल कोणाचेही असू शकते, त्याकडे दुर्लक्ष करावे. त्या नावाची आणि त्याखालच्या क्रमांकाची किल्ली मागवावी, म्हणजे काम झाले. आणि कुलूपच बदलायचे असेल तर या प्रकारची सिलिंडरे, म्हणजे ज्यात किल्ली जाते ते कुलपाचे गाभे, एकाच मापाची असतात. मी माझ्या दाराला न मोजता आणले आणि ते सहज बसले.

सुहास

प्रेषक: अविनाश

वैदेहीताई आणि सुहास, नमस्कार.

मी बरीच वर्षे दारे आणि त्यांचे सामान बसवण्याच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सर्वांत आधी, आपल्या या ईमेल यादीच्या व्यवस्थापकांनी किल्लीचा तिसरा फोटो संग्रहातून काढून टाकावा अशी विनंती करतो. किल्लीच्या खाचांची खोली मनाला येईल तशी नसते, ती ठरलेल्या मोजक्या पायऱ्यांमध्येच असते. त्यामुळे स्वच्छ फोटोवरून ती वाचता येते आणि किल्ली हातात न घेता तशीच दुसरी करता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २००८ साली सुमारे साठ मीटरवरून दुर्बिणीसारख्या भिंगाने टिपलेल्या फोटोवरून हे करून दाखवले होते. इथे तर किल्ली तळहातावर, भर उजेडात आहे. कुलूप ओळखायला खाचा लागत नाहीत. किल्लीचा फोटो द्यायचाच असेल तर पाते कागदाने झाकून फक्त डोके दाखवावे.

आता नावाबद्दल. हँडलच्या पट्टीवरचे नाव पट्टी बनवणाऱ्याचे असते, हे सुहास यांचे म्हणणे बरोबर आहे. किल्लीबद्दल मात्र ते मूळ किल्लीपुरतेच खरे आहे. डुप्लिकेट किल्लीच्या डोक्यावर बहुधा कोरी किल्ली बनवणाऱ्याचे नाव असते. तुमच्या फोटोत सिल्का हे नाव दिसते, आणि सिल्का ही प्रामुख्याने कोऱ्या किल्ल्या आणि त्या कापण्याची यंत्रे बनवणारी कंपनी आहे. खालचे यूएल०५० हे त्यांच्या यादीतल्या पाच पिनांच्या कोऱ्या किल्लीचे नाव आहे. म्हणजे तो क्रमांक किल्ली कापणाऱ्याला कोणती कोरी किल्ली घ्यायची ते सांगतो. खाचा कशा पाडायच्या ते त्यात नाही. तो देऊन किल्ली मागवली तर खाचा नसलेली सपाट किल्ली हातात येईल. शिवाय तुमच्याकडची चालती किल्ली स्वतःच नक्कल आहे. नकलेची नक्कल करताना यंत्राची थोडीथोडी चूक साठत जाते, आणि मग किल्ली आत जाते पण फिरवताना अडते.

कुलपाचे खरे नाव सिलिंडरच्या तोंडावर, किल्लीच्या भोकाशेजारी बहुधा बारीक अक्षरांत असते. तुमच्या पहिल्या फोटोत तिथे फक्त घासलेली चकाकी दिसते. पण प्रकार त्याच फोटोवरून ठरतो. वर गोल आणि खाली अरुंद, गोल टोकाची शेपटी असा सिलिंडरचा आकार दिसतो आहे. पडद्यावर मोजले तर एकूण उंची गोलाच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट भरते. हे युरो प्रोफाइल सिलिंडर आहे, ज्याचा गोल १७ मिलिमीटरचा आणि उंची ३३ मिलिमीटर असते, मग बनवणारा कोणीही असो. स्वित्झर्लंडमधली गोल सिलिंडरे किंवा उत्तर अमेरिकेतली कुलपे यात बसत नाहीत, त्यामुळे ही खात्री आधी करून घ्यावी लागते.

हा १७ मिलिमीटरचा गोल म्हणजे फोटोत आयती आलेली फूटपट्टीच आहे. हँडलच्या दांड्याच्या मध्यापासून सिलिंडरच्या गोलाच्या मध्यापर्यंतचे अंतर तुमच्या फोटोत गोलाच्या व्यासाच्या सव्वाचार पट भरते, म्हणजे ७२ मिलिमीटर. ते प्रचलित मापच आहे (दुसरे नेहमी आढळणारे माप ९२ आहे), त्यामुळे माझे मोजणे ठीक आहे असे मानायला हरकत नाही. हँडलची पट्टी कधी बदलावी लागली तर हा आकडा उपयोगी पडेल.

सिलिंडर बदलताना खरा प्रश्न लांबीचा असतो, आणि ती समोरून दिसत नाही. दाराच्या कडेवर, कुलपाच्या पत्र्यात सिलिंडरच्या पातळीला एक स्क्रू आहे. त्या स्क्रूच्या मध्यापासून सिलिंडरच्या बाहेरच्या टोकापर्यंत एक माप आणि आतल्या टोकापर्यंत दुसरे, अशी दोन मापे लागतात, आणि ती सारखी असतीलच असे नाही. तुमचा कडेचा फोटो वरून तिरका आहे, त्यामुळे जवळची बाजू मोठी दिसते. त्यावरून मी माप सांगणार नाही. दार उघडे ठेवून स्क्रूच्या पातळीत कडेवर आडवी फूटपट्टी धरावी, तिचे शून्य स्क्रूच्या मध्यावर यावे, आणि दोन पावले मागे जाऊन झूम करून अगदी समोरून फोटो काढावा.

अविनाश

प्रेषक: दत्तात्रय

अविनाश, चांगला विषय निघाला आहे. माझ्या प्रवासी बॅगेच्या लहान कुलपावर लाल चौकटीशेजारी टीएसए००७ असे लिहिले आहे. किल्ली हरवली आहे. ००७ क्रमांकाची किल्ली कुठे मागवावी? फोटो जोडतो आहे.

दत्तात्रय

प्रेषक: अविनाश

दत्ताकाका, नमस्कार.

तो क्रमांक तुमच्या किल्लीचा नाही. विमानतळावर बॅग तपासणाऱ्या अधिकाऱ्यांकडे ज्या मास्टर किल्ल्या असतात, त्यांतल्या कोणत्या किल्लीने हे कुलूप उघडेल ते त्या आकड्यावरून त्यांना कळते. ती किल्ली ग्राहकांसाठी नसते. तुमच्या किल्लीचा क्रमांक असलाच तर किल्लीवर किंवा कुलपासोबत आलेल्या कागदावर असेल. मोठ्या टाळ्यांचे तसे नसते. काहींच्या तळाशी किल्लीच्या भोकाजवळ क्रमांक ठोकलेला असतो आणि बनवणारा त्यावरून किल्ली देऊ शकतो. तुमच्या फोटोत तळाची बाजू दिसत नाही, पण इतक्या लहान कुलपावर तो मिळण्याची आशा मला कमी वाटते.

अविनाश

प्रेषक: वैदेही

अविनाशदादा,

सांगितल्याप्रमाणे फोटो काढून जोडला आहे. मला बाहेरच्या बाजूला ३६ आणि आतल्या बाजूला २९ मिलिमीटर दिसतात. असे माप मला कोणत्याच यादीत सापडत नाही. सुहास म्हणतात तसे एकच माप असते, की माझ्या मोजण्यात काही राहून गेले?

वैदेही

प्रेषक: अविनाश

वैदेहीताई,

तुमचे मोजणे चांगले आहे. ही सिलिंडरे बहुधा पाच-पाच मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. तुमच्या दोन आकड्यांची बेरीज ६५ होते आणि ती टप्प्यात अचूक बसते. म्हणजे एकूण लांबी बरोबर मोजली गेली आहे, फक्त फूटपट्टीचे शून्य स्क्रूच्या मध्यापासून एक मिलिमीटर आतल्या बाजूला सरकले आहे. फोटो मोठा करून पाहिला तर तसे दिसतेही. तुमचे सिलिंडर बाहेर ३५ आणि आत ३० असे आहे. बेरीज ६३ किंवा ६७ आली असती तर मी पुन्हा मोजायला सांगितले असते. सुहास यांच्या दाराला न मोजता बसले ते दोन्ही बाजूंना ३० चे असावे, कारण ते माप पुष्कळ दारांना चालते. तुमच्या दारात तेच घातले तर बाहेरून किल्लीचे भोक पट्टीच्या पाच मिलिमीटर आत जाईल. उलट जास्त लांब घेतले आणि ते पट्टीबाहेर तीन मिलिमीटरपेक्षा अधिक आले, तर पकडीने धरून मोडायला चोराला सोपे जाते.

मागवताना नुसते ३५/३० लिहू नये, कारण आधी बाहेरची बाजू लिहायची की आतली, हे सगळीकडे एकसारखे नसते. बाहेर ३५, आत ३० असे शब्दांत लिहावे. त्याआधी शक्य असल्यास सिलिंडर काढून पाहावे. दार उघडे ठेवून कडेचा तो लांब स्क्रू पूर्ण काढावा, किल्ली घालून ती हळूहळू फिरवत सिलिंडर हलके ओढत राहावे. मधला फिरता दाता सिलिंडरच्या जाडीत लपला की ते सरळ बाहेर येते. ओढूनही हलत नसेल तर दाता अजून अडलेला असतो, जोर लावू नये. बाहेर आल्यावर नाव बऱ्याचदा खालच्या अंगावर सापडते, आणि मधला दाता साधा आहे की दातेरी चाकासारखा आहे तेही कळते. दातेरी निघाला तर मात्र साधे सिलिंडर त्या कुलपात चालणार नाही.

माझे मत विचाराल तर किल्ली करून घेण्याऐवजी सिलिंडरच बदलावे. फोटो संग्रहातून गेला तरी तो सर्वांच्या पत्रपेटीत पोहोचलेला आहे.

अविनाश

प्रेषक: सुहास

क्रमांकाची किल्ली कोरी येते हे मला ठाऊक नव्हते. पण फोटोसाठी कुलूप बदलावे हे मला पटत नाही. यादीत आपलीच माणसे आहेत. चालत्या किल्लीवरून एखाद्या चांगल्या कारागिराने नक्कल केली तर ती चालेलच, आणि नाही चालली तर मग बदलता येईल.

सुहास

प्रेषक: अविनाश

सुहास, नक्कल चालणारच नाही असे मी म्हणत नाही. पाच पिनांच्या साध्या कुलपात ती पुष्कळदा चालते. माझी काळजी निराळी आहे. याच मंडळाच्या सदस्यसूचीत सर्वांचे पत्ते आहेत, आणि पत्रे पुढे कोणाकडे जातात ते आपल्या हातात नसते. निर्णय अर्थात वैदेहीताईंचा आहे.

अविनाश

प्रेषक: वैदेही

अविनाशदादा, सुहास,

सिलिंडर काढून पाहिले. मधला दाता साधा आहे. खालच्या अंगावर नाव आहे, पण अर्धे घासले गेले आहे आणि उरलेल्या तीन अक्षरांवरून मला ते ओळखता आले नाही. बाहेर ३५, आत ३० असे लिहून नवे मागवते आहे. एक शंका उरली आहे: सासूबाई रात्री किल्ली आतून कुलपातच ठेवतात, तेव्हा आमचे सध्याचे कुलूप बाहेरून उघडत नाही. नव्यात याला काही उपाय असतो का?

वैदेही

प्रेषक: अविनाश

असतो. आत किल्ली असतानाही बाहेरून दुसऱ्या किल्लीने उघडणारी सिलिंडरे मिळतात. वर्णनात तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावे. दुसरा मार्ग म्हणजे आतल्या बाजूला किल्लीऐवजी फिरवायची मूठ असलेले सिलिंडर. ते घेतलेत तर मूठ ३० च्या बाजूला हवी हे मागणीत लिहायला विसरू नये, कारण ३५ च्या बाजूला आली तर तुमच्या दारात ती बाहेर येईल. मात्र दारात किंवा दाराशेजारी काच असेल तर मूठ घेऊ नये, कारण काच फोडून हात आत घातला की दार उघडते. तुमच्या पहिल्या फोटोत दाराची डावी बाजू कापली गेली आहे. तिथे काच आहे का ते पाहून ठरवावे.

अविनाश