प्रतिसाद : पहिली दहा मिनिटे आणि त्यानंतर

«बेंचमार्कमध्ये माझा फोन वरचढ आहे, तरी वीस मिनिटांनी गेम अडखळतो. असे का?»

बेंचमार्कचा आकडा बहुधा थंड फोनचा असतो. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. समजा, थंड असताना चित्रे तयार करणाऱ्या चिपला, म्हणजे जीपीयूला, 12 मिलिसेकंद लागतात. मग उष्णतेमुळे त्याचा वेग 60 टक्क्यांवर आणला गेला की त्याच फ्रेमला सुमारे 20 मिलिसेकंद लागतात आणि फ्रेमदर 50 वर येतो. बहुतेक फोनांना पंखा नसल्याने उष्णता फोनच्या पृष्ठभागातूनच बाहेर पडते, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात खोलीची हवाच 40 अंशांच्या आसपास असली, तर ती बाहेर पडायला फारसा वाव उरत नाही.

खात्रीसाठी 3DMark या बेंचमार्क अ‍ॅपमधील Wild Life Stress Test दुपारी चालवावी. तीत एक मिनिटाच्या 20 फेऱ्या होतात. माझ्या मते सर्वोच्च गुणांपेक्षा शेवटच्या फेऱ्यांचे गुणच पाहावेत. खेळताना रिझोल्यूशन एक पायरी उतरवावे, जाड कव्हर काढावे आणि चार्जिंग टाळावे, कारण बॅटरीही तापते.