मदत हवी आहे: फिशिंग प्लेबुकमध्ये माणसाची मंजुरी नेमकी कुठे ठेवावी?

नमस्कार मंडळी. कर्मचाऱ्यांनी रिपोर्ट केलेल्या संशयास्पद मेलसाठी मी प्लेबुक आखतोय. आमचं सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे. हेडर तपासणं आणि तोच मेल आणखी कोणाला आलाय ते शोधणं आपोआप होतं. लिंक सँडबॉक्समध्ये उघडणंही आपोआपच, पण एकदाच चालणाऱ्या लिंक वगळून. पासवर्ड बदलण्याची खरी लिंक तशी उघडली गेली तर वाया जाते. मेल काढतानाही सॉफ्ट डिलीटच वापरतो, म्हणजे चुकलं तर परत आणता येतो.

ब्लॉक करताना मात्र जपावं लागतं. बनावट लॉगिन पान शेअरपॉइंटवर असेल आणि प्लेबुकने अख्खं sharepoint.com बंद केलं, तर सगळ्यांचंच काम थांबेल. म्हणून पूर्ण लिंक आपोआप ब्लॉक, डोमेनला मंजुरी.

अडलंय पुढे. समजा, लेखा विभागातल्या कोणी रात्री दोनला त्या पानावर पासवर्ड टाकला. मंजुरी द्यायला कोणी जागं नाही, आणि तेवढ्यात हल्लेखोर मेल परस्पर बाहेर पाठवणारा नियम लावून मोकळा होतो. revokeSignInSessions आपोआप चालवावं असं माझं मत आहे, कारण वापरकर्त्याला फक्त पुन्हा लॉगिन करावं लागतं. पण पासवर्ड चोराकडे आहेच, शिवाय आधी दिलेलं ॲक्सेस टोकन साधारण तासभर चालू राहू शकतं.

मग पंधरा मिनिटांत मंजुरी आली नाही तर खातं आपोआप बंद करावं का? सर्व्हिस अकाउंट आणि वरिष्ठांची खाती यातून वगळता का? प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.