आठची औषधं आणि राउंड

"आठची औषधं आणि राउंड एकदमच येतात, चार्ट लिहायचा राहतो. वेळ कशी बसवू?"

आठची सगळीच औषधं सारख्या घाईची नसतात. हँडओव्हर घेतानाच इन्सुलिन आणि सहा-आठ तासांनी जाणारी अँटिबायोटिक्स आपल्या कागदावर वेगळी लिहून घ्या. ती राउंडसाठी थांबवू नका. रोजची एकदाची व्हिटॅमिनची गोळी राउंडनंतर चालते. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन मात्र नाश्ता समोर आल्यावरच द्या. आधीच दिलं आणि ट्रे रेंगाळला तर साखर उतरून पेशंटला घाम फुटतो, हात थरथरतात.

सही मात्र गोळी गिळल्यावर तिथेच, खाटेपाशी करा. मी एकदा सगळ्या सह्या दुपारवर टाकल्या आणि एका आजींनी उलटून टाकलेला डोसही 'दिला' असाच लिहिला गेला. राउंडमध्ये औषध बदललं तर डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळण्याआधी चार्टवर लिहून घ्या.