दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक : छद्मयुद्ध महासत्तांना खरोखर स्वस्त पडते का?

सदर, नागपूर (धागाकर्ता) : आमच्या वाचनकट्ट्यावर असे मत पडले, की महासत्ता मित्रांकरवी लढतात, कारण त्यात स्वतःची माणसे मरत नाहीत आणि पैसाही कमी लागतो. एवढेच कारण असेल, तर त्यांनी पोसलेली माणसे पुढे त्यांच्याच हाताबाहेर का जातात?

धरमपेठ : ही दोन्ही कारणे खरी आहेत, पण पहिले कारण अण्वस्त्रांचे आहे. अमेरिकी आणि सोव्हिएत सैनिक उघडपणे समोरासमोर आले असते, तर ती लढाई कुठे थांबेल हे कोणालाच सांगता आले नसते. म्हणून मदत अशी द्यावी लागे की समोरच्याला ती कळली तरी चालेल, पण सिद्ध करता येऊ नये. हात वर करण्याची ही सोय कशी मिळवली जाते, ते अफगाणिस्तानात नीट दिसते.

डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा तिथे शिरल्यावर अमेरिकेच्या सीआयएने त्यांच्याशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांसाठी सुरुवातीला मुद्दाम सोव्हिएत बनावटीची शस्त्रे चीन आणि इजिप्तकडून मिळवली, म्हणजे पकडलेल्या बंदुकीवरून देणाऱ्याचा माग लागणार नाही. अमेरिका जितका पैसा देई, तितकाच सौदी अरेबिया देत असे. माल कराचीला उतरे आणि तिथून आयएसआयच्या ताब्यात जाई. पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष जनरल झिया यांची अट अशी होती, की अफगाण गटांशी व्यवहार पाकिस्तानच करील. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या अटीत आहे. पैसा वॉशिंग्टन आणि रियाधचा होता, पण कोणत्या गटाला किती पेट्या द्यायच्या हे रावळपिंडीत ठरत होते. पेशावरमध्ये तळ असलेल्या मुजाहिदीनांच्या सात पक्षांपैकी गुलबुद्दीन हिकमतयार यांच्या पक्षाला मोठा वाटा मिळाला, कारण काबूलमध्ये आपल्या कलाने वागणारे सरकार यावे ही पाकिस्तानची गरज होती. अमेरिकेची गरज केवळ सोव्हिएत फौज रक्तबंबाळ व्हावी एवढीच होती. नाव गुप्त ठेवायचे म्हणून वाटप दुसऱ्याच्या हाती दिले, आणि वाटपाबरोबर युद्धाचा हेतूही त्याच्या हाती गेला.

महाल : इतके गुंतागुंतीचे काही नाही. सप्टेंबर 1986 मध्ये जलालाबादजवळ स्टिंगर क्षेपणास्त्रांनी सोव्हिएत हेलिकॉप्टरे पाडली आणि फेब्रुवारी 1989 मध्ये शेवटची फौज परत गेली. योग्य शस्त्र दिले की छद्मयुद्ध जिंकता येते.

धरमपेठ : स्टिंगरमुळे वैमानिकांना अधिक उंचीवरून उडावे लागले आणि जमिनीवरील तुकड्यांना मिळणारा आधार कमकुवत झाला, हे मान्य आहे. परंतु गोर्बाचेव्ह यांनी या युद्धाला भळभळती जखम म्हटले ते फेब्रुवारी 1986 मध्ये, म्हणजे स्टिंगर पोहोचण्यापूर्वी. माघारीचा विचार आधीच सुरू होता. स्टिंगरने त्याला किती वेग दिला यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. शिवाय स्टिंगर हे उघडपणे अमेरिकी शस्त्र होते, म्हणून ते द्यावे की नाही यावर वॉशिंग्टनमध्ये दीर्घकाळ वाद झाला, आणि युद्ध संपल्यावर उरलेली क्षेपणास्त्रे पैसे मोजून परत विकत घेण्याची वेळ अमेरिकेवर आली.

कामठी, निवृत्त सैनिक : मी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो. ज्या तमिळ संघटनांना आपल्याकडे प्रशिक्षण मिळाले होते, त्यांपैकीच एलटीटीईशी ऑक्टोबर 1987 पासून आम्ही लढलो आणि मार्च 1990 मध्ये परतलो. सुमारे बाराशे जवान तिथे राहिले. त्यामुळे स्वतःची माणसे मरत नाहीत हे वाक्य वाचून मला सहन होत नाही. धरमपेठकर साहेब, आपल्या प्रकरणात तर मध्ये दुसरा देश नव्हता. मग एलटीटीई हाताबाहेर कशी गेली?

धरमपेठ : काका, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि माझे विवेचन तिथे अपुरे पडते. मध्यस्थ नसतानाही हेतू वेगळे असू शकतात. भारताला अखंड श्रीलंकेत तमिळांना अधिकार हवे होते, एलटीटीईला वेगळे राज्य हवे होते. 1987 च्या भारत-श्रीलंका कराराने भारताचा हेतू साधला आणि त्यांचा मोडला, तेव्हा बंदुकीची दिशा बदलली.

सीताबर्डी : म्हणजे काश्मीरमध्ये पाकिस्तान जे करतो तेच ना? मग महासत्तांचा प्रश्न येतो कुठे?

सदर (धागाकर्ता) : पाकिस्तान महासत्ता नाही, पण ऐंशीच्या दशकात महासत्तेच्या पैशावर त्याने ती यंत्रणा वाढवली, म्हणून संबंध येतो. मला दुसरीच शंका आहे. सोव्हिएत फौज गेल्यावर मॉस्कोच्या पाठिंब्यावरचे अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला लगेच पडतील असे अनेकांना वाटत होते, तरी ते तीन वर्षे टिकले.

धरमपेठ : कारण मॉस्कोचे इंधन, धान्य आणि शस्त्रे येतच होती. 1989 च्या वसंतात जलालाबादवरचा मुजाहिदीनांचा मोठा हल्ला नजीबुल्ला यांच्या फौजेने परतवला. 1992 च्या आरंभी ती मदत बंद झाली, उत्तरेतील सेनापती दोस्तम फुटले आणि एप्रिलमध्ये सत्ता गेली. त्यानंतर हिकमतयार यांच्या तोफांनी काबूलच उद्ध्वस्त केले.

महाल : दोस्तम फुटलेच नसते तर? मदत थांबूनही ते सरकार टिकले असते, असे मला अजूनही वाटते.

धरमपेठ : दोस्तम यांच्या सैनिकांचे पगारही त्याच मदतीतून निघत होते. पगार थांबल्यावर ते किती दिवस सरकारबरोबर राहिले असते, यावर आपले मत वेगळे राहू शकते.