अनुभव धागा: मेल अ‍ॅपला बोटाचं किंवा चेहऱ्याचं कुलूप, आणि ते उघडत नाही तेव्हा

निशिगंध (धागाकर्ती)

फोन उघडा असताना मेल मात्र बंद राहावा, म्हणून बरेच जण मेल अ‍ॅपला वेगळं लॉक लावतात. पासवर्ड बदलण्याची लिंक मेलवरच येते, तेव्हा ते योग्यच आहे. या धाग्यात दोन गोष्टी लिहा: लॉक नेमकं कुठून लावता, आणि बोट किंवा चेहरा चालेनासा झाला की काय करता. फोन कोणता, अ‍ॅप कोणतं, स्क्रीनवर काय लिहून आलं हे शक्य तितकं नेमकं द्या. पुढच्या माणसाला तेच उपयोगी पडेल.

सुतारपक्षी

सुरुवात मी करतो. कुलूप तीन ठिकाणी असू शकतं आणि अडचण आली की उपाय त्यावर ठरतो, म्हणून आपलं कोणतं आहे ते आधी ओळखा.

पहिलं फोनचं स्वतःचं. आयफोनवर आयओएस १८ पासून मेलच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की `Require Face ID` हा पर्याय येतो, बोटाच्या आयफोनवर `Require Touch ID`. अँड्रॉइडमध्ये शाओमी, वनप्लस, रिअलमी, ओप्पो वगैरे कंपन्या सेटिंग्जमध्ये `App lock` देतात. जागा प्रत्येकाची वेगळी, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत हे दोन शब्द टाकणं सोपं. दुसरं मेल अ‍ॅपमधलं, जसं प्रोटॉन मेलमध्ये आहे. अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये असं आतलं लॉक नाही, तिथे फोनच्याच लॉकवर भागवावं लागतं. तिसरं ऑफिसने लादलेलं. आउटलुकमध्ये कंपनीचं खातं घातलं की ते आपोआप येतं आणि त्याचे नियम आयटीवाले ठरवतात.

लॉक लावल्यावर लगेच एक तपासणी करा. स्वतःलाच एक मेल पाठवा, फोन लॉक करा आणि नोटिफिकेशनमध्ये काय दिसतं ते बघा. आयफोनवर अ‍ॅप लॉक केलं की मजकूर नोटिफिकेशनमध्येही दिसत नाही आणि शोधातही येत नाही. अँड्रॉइडवर अनेकदा ते वेगळं बंद करावं लागतं, नाहीतर विषयाची ओळ आणि पहिलं वाक्य बाहेरूनच वाचता येतं.

वाडीकर

माझा प्रश्न नेमका इथलाच आहे. फोन चेहऱ्याने एका क्षणात उघडतो. मेल अ‍ॅप मात्र बोटच मागतं, चेहऱ्याचा पर्यायच दाखवत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये `Biometric` चालू आहे. चेहरा पुसून पुन्हा नोंदवला तरी तेच. फोनच्या कॅमेऱ्यात बिघाड असेल का?

सुतारपक्षी

वाडीकर, कॅमेरा ठीक आहे. अँड्रॉइड बायोमेट्रिकच्या तीन पायऱ्या मानतं. साध्या सेल्फी कॅमेऱ्याने चेहरा ओळखणारे बहुतेक फोन सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत, कारण सपाट चित्र आणि खरा चेहरा यांतला फरक त्यांना खात्रीने कळत नाही. त्या पायरीवरच्या चेहऱ्याने फक्त फोनचा पडदा उघडतो, इतर अ‍ॅप्सना अँड्रॉइड तो वापरूच देत नाही. बोटाचा सेन्सर सहसा वरच्या पायरीवर असतो, म्हणून अ‍ॅप बोट मागतं. चेहरा कितीही वेळा नव्याने नोंदवा, फरक पडणार नाही. काही फोनांचा चेहरा वरच्या पायरीवर आहे, उदाहरणार्थ २०२३ चा पिक्सेल ८. तिथे अ‍ॅप्सही चेहऱ्याने उघडतात.

अपवाद एकच. कंपनीचं स्वतःचं `App lock` वापरलं तर काही फोनांवर ते चेहऱ्यालाही उघडतं, कारण ते फोनबरोबर आलेलं असतं. पण जो चेहरा अँड्रॉइडला अ‍ॅपसाठी पुरेसा वाटत नाही, त्याच्यावर मेल उघडा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत. तिथे चेहऱ्याचा पर्याय बंद ठेवा.

मीरा_क

माझ्या सासूबाईंच्या फोनची गोष्ट वेगळी आहे. लॉक बरोबर लावलेलं आहे, पण बोटच लागत नाही. वय सत्तरीचं, भांडी-धुणं हातानेच, बोटांच्या रेषा झिजलेल्या. सेन्सर पॉवर बटणावर आहे. तर्जनी दोनदा नोंदवून पाहिली तरी दहातून चारदाच उघडतं. या वयात पिन टाकायला लावायचं का?

चिपळूणचा_काउंटर

ताई, मोबाइल दुरुस्तीत हा प्रश्न रोजचा आहे. तर्जनी सोडा, अंगठा किंवा मधलं बोट घ्या. कामात तर्जनी जास्त घासली जाते. नोंदवण्याआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करा, मग अगदी किंचित खोबरेल चोळून लगेच पुसा. कातडी कोरडी-भेगाळलेली असेल तर सेन्सरला रेषा तुटक दिसतात. नोंदवताना प्रत्येक वेळी बोट थोडं फिरवा: टोक, डावी कड, उजवी कड. बहुतेक जण दहा वेळा मधला भागच टेकवतात. मग रोज फोन तिरका धरला की ठसा जुळत नाही.

पडद्याखाली सेन्सर असेल तर आधी काच बघा. जाड टेम्पर्ड ग्लास लावली आणि सेन्सरच्या जागी ती पूर्ण चिकटली नाही तर मध्ये हवेचं एक पातळ वर्तुळ राहतं. फोन तिरका करून उजेडात धरला की ते दिसतं. तेवढ्या पोकळीने ठसा ओळखला जात नाही, अल्ट्रासोनिक सेन्सरवर तर हमखास. नवी काच लावली की जुने ठसे पुसून काचेवरूनच नवे नोंदवा, आणि सेटिंगमध्ये `Touch sensitivity` असेल तर चालू करा. पावसाळ्यात ओलं बोट हे सगळ्यात साधं कारण, रुमालाने पुसून दहा सेकंद थांबा.

ओंकार_टोरोंटो

इथल्या हिवाळ्यात उलटं. हवा इतकी कोरडी की फेब्रुवारीत पॉवर बटणाचा सेन्सर बोट ओळखतच नाही. मी तेच बोट हिवाळ्यासाठी वेगळ्या नावाने पुन्हा नोंदवून ठेवतो. आयफोनवर टच आयडीला पाच ठसे मावतात, त्यात एकच बोट दोनदा घालता येतं.

आजोबा६७

बोटाचा विषय चाललाय म्हणून विचारतो. मी एमआधारवर बायोमेट्रिक लॉक केलं आहे. त्यामुळेच माझं मेल अ‍ॅप बोट घेत नसेल ना? परवापासून दोन्ही एकदमच सुरू झालं.

सुतारपक्षी

नाही काका. आधारचं लॉक आधार पडताळणीसाठी बोट वापरू देत नाही, बँकेत किंवा रेशन दुकानात मशीनवर टेकवता ते. फोनचा ठसा फोनच्या आतच राहतो, त्याचा आधारशी संबंध नाही. दोन्ही एकदम झालं हा योगायोग. तुम्ही मेल उघडायला जाता तेव्हा स्क्रीनवर नेमकं काय येतं?

आजोबा६७

`Too many attempts` असं येतं. मग काही करता येत नाही.

सुतारपक्षी

मग खूप सोपं आहे. साधारण अँड्रॉइडवर पाच वेळा चुकीचं बोट लागलं की सेन्सर तीस सेकंद बंद होतो. असं होत वीस चुका झाल्या की तो पिन टाकेपर्यंत बंदच राहतो. मेल अ‍ॅपला हे समजावून सांगता येत नाही, ते फक्त तो संदेश दाखवतं. उपाय अ‍ॅपच्या बाहेर आहे: पॉवर बटणाने पडदा बंद करा आणि फोन बोटाने नाही, पिनने उघडा. चुकांची मोजणी शून्यावर येते. मग मेल उघडा. आयफोनवर पाच चुका झाल्या की पासकोड मागतो, तिथेही तो टाकला की फेस आयडी पुन्हा चालू.

फोन बंद करून चालू केल्यावर बोट लगेच चालत नाही, तेही ठरवून केलेलं आहे. अँड्रॉइड साधारण दर ७२ तासांनी पिन मागतंच. आयफोनही रीस्टार्टनंतर आणि ४८ तास उघडला नसेल तर पासकोड मागतो. त्यामुळे पिन विसरायची मुभा नाही.

आजोबा६७

पिनने फोन उघडला, मेल उघडला. धन्यवाद.

रानफूल

हे सगळं नको असेल तर अ‍ॅप काढून पुन्हा टाका. मेल सर्व्हरवर असतो, लॉगिन केलं की सगळं परत येतं. लॉकही निघून जातं. मी कायम तेच करते.

सुतारपक्षी

जीमेल, आउटलुक, प्रोटॉन यांच्यासाठी बऱ्याच अंशी बरोबर. दोन ठिकाणी मात्र नुकसान होतं. जुनं खातं पीओपी३ वर असेल आणि सर्व्हरवरून मेल काढण्याची सेटिंग असेल, तर ते मेल फक्त त्या फोनवर असतात, अ‍ॅपबरोबर गेले. आणि नेटवर्क नसताना आउटबॉक्समध्ये अडकलेलं पत्रही जातं. म्हणून काढण्याआधी मेल दुसरीकडे, संगणकावर ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथे दिसत असेल तरच अ‍ॅप काढा. लॉगिनचा ओटीपी त्याच मेलवर येत असेल तर तो कुठे वाचणार हेही आधी ठरवा.

आणि फोनच्या `App lock` ला अ‍ॅप काढण्याचा उपाय लागू पडत नाही. ते फोनच्या सेटिंगमध्ये असतं.

चिपळूणचा_काउंटर

यावरून आठवलं. दुरुस्तीला फोन देताना कोणी सांगतं, स्क्रीन लॉक काढून द्या. पिन पूर्ण काढला की नोंदवलेले ठसे पुसले जातात. परत आल्यावर ठसे पुन्हा घातले तरी काही अ‍ॅप्स जुन्या बोटांवर बांधलेली किल्ली वापरतात, ती रद्द झालेली असते. अ‍ॅप बोट घेत नाही, पासवर्ड मागतं. नवं बोट वाढवलं तरी असं होतं. बिघाड नाही, दुसऱ्याने बोट घालून आत शिरू नये म्हणून केलेली सोय आहे. पासवर्ड टाकून आत जा, लॉक बंद करून परत चालू करा. म्हणून फोन देण्याआधी मेलचा पासवर्ड हाताशी हवा.

वाडीकर

ऑफिसच्या आउटलुकबद्दल कोणी लिहा ना. तिथे पिन चुकला की मेल उडतो असं ऐकलं.

निशिगंध

आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट इंट्यूनचे, म्हणजे फोनमधल्या ऑफिसच्या अ‍ॅप्सवर कंपनीचा ताबा ठेवणाऱ्या सेवेचे, नियम आहेत. बोट हे पिनच्या जागी चालतं, पण काही वेळाने पिन मागतंच, मूळ सेटिंगमध्ये ३० मिनिटांनी. तो पिन फोनचा नाही, त्या अ‍ॅपचा. मूळ सेटिंगमध्ये पाच चुकांनंतर पिन नव्याने बसवावा लागतो आणि त्यासाठी ऑफिसचं लॉगिन लागतं. कंपनीने ठरवलं तर त्याऐवजी अ‍ॅपमधला ऑफिसचा डेटा पुसलाही जातो, फोनमधले तुमचे फोटो वगैरे नाही. तुमच्याकडे काय आहे हे फक्त तुमचे आयटीवालेच सांगतील. तीन चुका झाल्या की थांबून त्यांना विचारा.

मीरा_क

सासूबाईंच्या अंगठ्याचं काम झालं, आता बहुतेक वेळा उघडतं. आणखी एक: माझं बोटही त्यांच्या फोनमध्ये घालून ठेवलं आहे. चालेल ना?

चिपळूणचा_काउंटर

चालेल, अडीअडचणीला मदतच होते.

सुतारपक्षी

मला हे पटत नाही. फोनला लावलेलं बोट कोणाचं हे अ‍ॅपला कळत नाही, नोंदवलेलं कोणतंही बोट मेल उघडतं. त्यांना ते मान्य असेल तर ठीक, पण विचारून घ्या. नाहीतर मेलसाठी वेगळा पिन असलेलं `App lock` बरं, शाओमीवर तसं करता येतं.

रानफूल

आणि अँड्रॉइडवर जीमेल लॉक केलं तरी क्रोममध्ये `mail.google.com` टाकलं की तोच इनबॉक्स उघडतो, मी आत्ताच बघितलं. क्रोमलाही लॉक लावायचं का? मग प्रत्येक वेळी बातम्या वाचायलासुद्धा बोट टेकवावं लागेल.

सुतारपक्षी

खरंय, आणि त्यावर सोपा उपाय मला सापडलेला नाही. सध्या मी क्रोममधून जीमेलचं खातं साइन आउट करून ठेवतो, पण फोनच्या खात्यांत ते राहिलं की क्रोम पुन्हा जोडू का असं विचारतं. सॅमसंगवाल्यांनी सिक्युअर फोल्डरमध्ये जीमेल ठेवून बाहेरचं खातं काढून पाहिलं असेल तर लिहा. तिथे दोन्ही दारं एकदम बंद होतील असं वाटतं.